आदल्या रात्रीच्या नोट्समधून काय उडवायचं?

राज्यसेवा पूर्वच्या आदल्या रात्री मुलं 'महत्त्वाचं' तेवढं ठेवतात आणि बाकीचं उडवतात. माझं मत उलट आहे. पान झाकून मोठ्यानं सांगून बघा. न अडखळता आलं ते कितीही महत्त्वाचं असो, काढून टाका.

आणीबाणीचंच घ्या. कलम ३५२, ३५६, ३६० बहुतेकांना पाठ असतात, १९७८ची ४४वी घटनादुरुस्तीही कळलेली असते. गोंधळ होतो संसदेच्या मंजुरीत. राष्ट्रीय आणीबाणीला एक महिन्यात, तीही विशेष बहुमतानं. राष्ट्रपती राजवट आणि आर्थिक आणीबाणीला दोन महिन्यांत, साध्या बहुमतानं. अख्ख्या प्रकरणातून एवढंच राहू द्या.

आणि हो, अजिबात न वाचलेलं प्रकरण त्या रात्री उघडू नका. सकाळी त्यातले सगळेच पर्याय ओळखीचे वाटतात!