बाळंतपणाला दुबईस जाताना



आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांच्या लेकी आज आखातात परिचारिका म्हणून काम करीत आहेत. त्यांच्यापैकी एखादीचे दिवस भरत आले, की तिची आई आयुष्यात प्रथमच विमानात पाऊल टाकते. एस.टी.ने लेकीकडे जाताना आईने किती गाठोडी न्यावीत याला मर्यादा नसे. कंडक्टर कुरकुरला तरी टपावर जागा होतीच. विमानाचे तसे नाही. तेथे तराजू आहे, आणि त्या तराजूपुढे कोणाचीही आई झाली तरी तिचे काही चालत नाही. गेल्या महिन्यात आमच्या एका मावशींची बॅग भरताना आम्हांस जे पाहावयास मिळाले, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सविस्तर लिहीत आहोत.

सर्वप्रथम तिकीट वाचावे. सामानाच्या रकान्यात 30K असे लिहिलेले असेल, तर मोठ्या बॅगांचे एकूण वजन 30 किलोपर्यंत चालते. 1PC असे असेल, तर एकच नग नेता येतो आणि त्याचे वजन किती असावे हे कंपनीच्या नियमांत निराळे पाहावे लागते. हमालांच्या पाठीचा विचार करून एका नगाचे वजन 32 किलोपेक्षा अधिक होऊ देत नाहीत, मग तुम्ही जादा पैसे भरावयास तयार असलात तरीही. हातातल्या बॅगेस बहुधा 7 किलो मिळतात. येथे आपल्या भागातील लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगाव ते मुंबई हे तिकीट वेगळे काढले असेल, तर त्या पहिल्या टप्प्यावर देशांतर्गत नियम लागतो, आणि तो बहुधा 15 किलोंचाच असतो. पुढे तीस किलोंची मुभा आहे म्हणून सांबऱ्याला कोणी सूट देत नाही. एक तर संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकत्र काढावे, नाही तर मुंबईपर्यंत आगगाडीने जावे.

मावशींच्या तिकिटावर 30K होते. त्यांनी बॅग भरली, आणि रेशन दुकानाच्या काट्यावर ती ठेवली तेव्हा आकडा निघाला साडेअडतीस! मग आम्ही सर्व सामान पुन्हा खाली काढून एकेक वस्तू वजन करावयास लावली. रिकामी बॅगच साडेचार किलोंची होती. (जुन्या कडक बॅगा अशाच असतात, म्हणून रिकामी बॅग आधी तोलावी.) लुगडी व इतर कपडे 9 किलो, बाळासाठी शिवलेल्या गोधड्या आणि दुपटी 3, डिंकाचे लाडू 5, तांदूळ 5, गूळ 2, मसाला 3, काजू 2, लोणचे 3 आणि वेलंकणी मातेची मूर्ती 2.

जे तेथे मिळते ते येथून का न्यावे, हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारावा. गूळ दुबईच्या दुकानांत सहज मिळतो, म्हणून तो निघाला. लाडवांवर मात्र बराच वाद झाला. मावशींचे म्हणणे असे की बाळंतिणीला आईच्या हातचेच लाडू हवेत. आम्ही म्हटले, हात तर तुम्ही बरोबर नेणारच आहात! पाच किलो लाडवांत गूळ, तूप, कणीक यांचेच वजन अधिक, आणि हे सर्व तेथे मिळते. म्हणून डिंक, अळीव, मेथी, सुंठ असा चांगल्या प्रतीचा कोरडा जिन्नस तेवढा 2 किलो न्यावा आणि लाडू लेकीच्या स्वयंपाकघरात वळावेत, असे ठरले. लोणचे एक किलोने आणि लुगडी दोन किलोंनी कमी झाली. तांदूळ तेथेही मिळतो, आणि आमच्याच नियमाप्रमाणे तो निघावयास हवा होता. परंतु तो त्यांच्या स्वतःच्या शेतातला होता, आणि त्या वासाची बरोबरी तेथला तांदूळ करणार नाही. तो राहू दिला. मूर्ती हातातल्या बॅगेत गेली. शेवटचे वजन भरले साडेअठ्ठावीस. दीड किलोची ही मोकळीक मुद्दाम ठेवावी, कारण दुकानाचा काटा आणि विमानतळाचा काटा नेहमीच एकमेकांशी जुळतात असे नाही. जवळ काटा नसेल, तर माणसाचे वजन करावयाच्या यंत्रावर आधी एकट्याने आणि मग बॅग घेऊन उभे राहावे, आणि दोहोंतील फरक घ्यावा.

परंतु वजनापेक्षाही गंभीर अशी एक गोष्ट त्या गाठोड्यांत निघाली. लाडवांत काय काय घातले, असे आम्ही विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "नेहमीचंच, फादर. डिंक, खारीक, खोबरं, खसखस."

खसखस हे अफूच्या बोंडातले बी आहे. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात उघड विकतात. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती आणण्यास बंदी आहे, आणि सामानात ती सापडल्यास प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्याखाली जाऊ शकते. तेथे आपला हेतू शुद्ध होता हे सांगून सुटका होईलच असे नाही. लाडू निघाले तरी हा धोका टळला नव्हता, कारण खसखस मसाल्यातही होती. शाकुतीच्या आणि मटणाच्या मसाल्यांत आपण ती भाजून वाटतो, आणि मग ती डोळ्यांना दिसतही नाही. मावशींचा तीन किलो मसाला घरी राहिला, आणि खसखस व जायफळ वगळून नवा कुटण्यात आला. जायफळाला सौदी अरबस्तानात बंदी आहे. एका देशाकरिता केलेला मसाला उद्या दुसऱ्या देशात जाऊ शकतो, म्हणून आम्ही तेही काढावयास सांगितले. बाजारातला तयार मसाला नेणाऱ्यांनी पाकिटावरील घटकांची यादी वाचावी.

खोबऱ्याचे कारण निराळे आहे. सुक्या खोबऱ्यात तेल पुष्कळ असते, आणि बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. त्यामुळे मार्च 2022 मध्ये भारताच्या विमान-सुरक्षा खात्याने मोठ्या बॅगेत न्यावयाच्या वर्ज्य वस्तूंत सुक्या खोबऱ्याची भर घातली. क्ष-किरण यंत्रात खोबऱ्याच्या वाट्या ओळखू येतात, आणि बॅग उघडण्यासाठी ऐन वेळी तुम्हांस बोलावणे येते. लाडवांचे खोबरे दुबईतच घ्यावे.

याच संदर्भात दुसऱ्याच्या पुडक्यांविषयी लिहिणे भाग आहे. कोणी दुबईला चालले असे कळले, की शेजारीपाजारी "एवढे आमच्या मुलाला द्या" म्हणून पुडकी घेऊन येतात. 2019 साली मुंबईचे एक तरुण जोडपे कतारला गेले, तेव्हा एका नातेवाईक स्त्रीने त्यांच्याजवळ एक पुडके दिले होते. त्यात सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, आणि तिची मुलगी तुरुंगात जन्मली. निर्दोष ठरून ते 2021 मध्ये सुटले. म्हणून पुडके घ्यावयाचेच असेल, तर ते देणाऱ्याच्या समोर उघडावे, आतील प्रत्येक वस्तू पाहावी, आणि आपल्या हाताने पुन्हा बांधावे. याने ज्याला राग येईल त्याचे पुडके तर मुळीच घेऊ नये.

आता फुटणाऱ्या आणि सांडणाऱ्या वस्तूंकडे वळू. लोणच्याचे तेल बाहेर का येते? विमान उंच गेले, की आतील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी होतो; बरणीत कोंडलेली हवा फुगते, आणि बरणी आडवी असेल तर ती हवा तेलाला झाकणाबाहेर ढकलते. म्हणून काचेची बरणी नकोच. प्लॅस्टिकच्या बरणीत लोणचे जवळजवळ काठोकाठ भरावे, म्हणजे आत हवा थोडी राहील. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्यावर झाकण घट्ट फिरवावे, चिकटपट्टी लावावी, आणि बरणी एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवावी. हातातल्या बॅगेत लोणचे नेऊ देत नाहीत.

मूर्ती प्लॅस्टरची होती. अशी मूर्ती मानेशी, बोटांशी आणि मुकुटाशी मोडते. म्हणून नुसती शालीत गुंडाळून भागत नाही. आधी हात आणि अंग यांमधील पोकळीत कापूस भरावा, मग मऊ सुती कापडाचे वेढे द्यावेत, आणि चहूबाजूंनी दोन-दोन इंच कापडाची गादी राहील अशा खोक्यात ती ठेवावी. खोके कानाशी धरून हलवावे. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर भरण अपुरे आहे. बॅगेवर "नाजूक वस्तू" अशी चिठ्ठी चिकटविल्याने हमाल ती हळुवार ठेवतीलच, या भ्रमात राहू नये. सुरक्षारक्षकाने खोके उघडावयास सांगितले तर उघडून दाखवावे. म्हणून ते शिवून टाकू नये.

मोठी बॅग एखादे वेळी मागे राहते आणि दोन दिवसांनी येते. म्हणून पहिल्या दोन दिवसांचा संसार हातातल्या बॅगेत हवा. मावशींच्या बॅगेत मूर्तीखेरीज एक लुगडे व आतले कपडे, चष्मा, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, तसेच बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा होता. तो हरवला तर दुसरा मिळाला नसता, कारण त्यांच्या लेकीनेही तोच घातला होता. फोन बंद पडला तर काय, म्हणून लेकीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. फोन भरण्याची सुटी बॅटरी, जिला मुले पॉवर बँक म्हणतात, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. मोठ्या बॅगेत सापडल्यास काढून घेतात.

रक्तदाबाच्या गोळ्या पट्टीतून सुट्या काढून डबीत भरण्याची आपल्या बायकांना सवय आहे. येथे ती मोडावी. गोळ्या मूळ पट्टीत, औषधाचे नाव दिसेल अशा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असाव्यात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामक गोळी अमिरातीत नियंत्रित आहे; ती लागत असेल, तर निघण्यापूर्वी तेथील सरकारची परवानगी घ्यावी लागते. आपल्या औषधांत यांपैकी काही आहे काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

दुबईत उतरल्यावर बॅग फिरत्या पट्ट्यावर येते. ती फुटलेली दिसली किंवा आलीच नाही, तर घरी जाऊन लेकीला सांगू असे म्हणू नये. त्याच दालनातील सामानाच्या कचेरीत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. मोठी बॅग देतेवेळी जी क्रमांकाची छोटी चिठ्ठी मिळते ती तेथे मागतात. मावशींची चिठ्ठी आम्ही त्यांच्या पासपोर्टच्या आवरणात ठेवावयास सांगितली होती.