तुटलं म्हणजे घाबरलं नव्हे

मुलुंडच्या एका काव्यवाचनात एका तरुण कवीला सल्ला मिळाला: घबराट दाखवायची ना, मग वाक्यं तोड, ओळीत एकच शब्द ठेव. हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे.

त्याचा विषय होता अंधेरी स्टेशनवर आयत्या वेळी बदललेला प्लॅटफॉर्म. सल्ला पाळला तर कविता अशी होईल: ‘गाडी बदलली. धावलो. पोचलो. चढलो.’ मोठ्याने वाचून पाहा. धडधड वाढत नाही, उलट काम उरकल्यासारखं वाटतं. कारण मराठीत ‘धावलो’ हा तुकडाच नाही. कर्ता आणि काळ त्या रूपातच आहेत. एका शब्दात वाक्य पुरं झालं आणि पूर्णविरामाने श्वास घ्यायला जागा दिली. घाबरलेल्या माणसाला नेमकी तीच जागा मिळत नसते.

मराठी वाक्य खरं तुटतं ते क्रियापदाच्या आधी. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे ते अडवलं की काय झालं हेच कळत नाही: ‘पलीकडे, पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर, अहो पुढे, पूल, पुलावर आईचा, आईचा हात’. ‘पुलावर’मधलं शब्दयोगी अव्यय क्रियापद मागतं, ‘आईचा’ नाम मागतो. नाम मिळतं, क्रियापद मिळतच नाही. इथे पूर्णविराम एकही नाही आणि शब्द मागे जाऊन पुन्हा सुरू होतात.

दमणुकीचं व्याकरण याच्या उलट आहे. रात्री बोरिवलीला उतरून घरी आलेली बाई वाक्य पुरं करते, पण पुढच्याला जोडत नाही: ‘कुलूप उघडलं. दिवा लावला नाही. बसले. भूक होती.’ ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ गळाले आहेत, कारण कारणं जुळवायलाही त्राण लागतं. वर काम उरकल्यासारखी वाटलेली रचना इथे शोभते. दोन्ही अवस्थांना एकच कात्री लावणारा दोन्ही बिघडवतो.

कुणी मर्ढेकरांचा दाखला देईल. ‘काही कविता’ (१९४७) मधली पिंपातल्या उंदरांची कविता तुटक आहेच की! पण तिथे सोळा मात्रांची चाल ढळत नाही, उपवाक्यं छोटी आणि पुरी आहेत, एक तर जसंच्या तसं परत येतं. ती तडफड नव्हे, तडफड संपल्यानंतरची स्तब्धता आहे. ठोका चालू राहतो म्हणूनच ती अंगावर येते.

त्या कवीला मी एवढंच सुचवलं, की ओळी मोडून सगळं सलग गद्यासारखं लिही आणि वाच. घबराट उरली तर ती वाक्यात आहे. गेली तर ती नुसती कागदावरच्या मोकळ्या जागेत होती. त्याने तिथेच लिहून काढलं. उरला फक्त आईच्या हाताचा तुकडा. त्यालाही त्याने पुढे ‘सुटला’ जोडलं होतं. ते मी खोडायला सांगितलं.