महिन्याला २०० लिटर विकलं की धंदा फायद्यात? आधी पेंड तोला

लाकडी घाण्याचे तीन प्रकल्प अहवाल या महिन्यात माझ्याकडं वाचायला आले. तिन्ही वेगवेगळ्या तालुक्यातले, पण आतलं गणित शब्दाशब्दानं एकच. नाव आणि गाव तेवढं बदललेलं. अहवाल लिहून देणाऱ्यांचं काम कर्ज मंजूर झालं की संपतं, हप्ता त्यांना भरायचा नसतो. म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो. कुणाला लागलं तर लागू द्या.

त्यातला एक अहवाल घेऊ. शेंगदाणा तेल, गुंतवणूक ६ लाख. त्यात लिहिलंय की १०० किलो दाण्यातून ४५ किलो तेल आणि ५५ किलो पेंड निघते. दाणे ११० रुपये किलो, पेंड ४० रुपये किलो. ११,००० मधून पेंडीचे २,२०० वजा, उरले ८,८००. तेल ४५ किलो म्हणजे साधारण ४९ लिटर, कारण लिटरभर शेंगतेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. कच्चा माल लिटरला १७८ रुपये. बाटली-वीज १२ धरून १९०. विक्री २८०. लिटरमागं ९० रुपये सुटतात, महिन्याचा ठरलेला खर्च १८,०००, म्हणून २०० लिटरला ब्रेक-इव्हन. बेरीज-भागाकार बरोबर आहे. बँकेचा साहेबही तेवढंच तपासतो.

आता पुन्हा वर बघा. ४५ आणि ५५, बेरीज १००. म्हणजे माती नाही, खडा नाही, कुजका दाणा नाही, ओल उडाली नाही, टाकीच्या तळाला गाळ बसला नाही. आपल्यापैकी कुणी असा दाणा पाहिलाय का? वजनाचा ताळा इतका तंतोतंत बसला की समजावं, तो आकडा घाण्यापुढं बसून काढलेला नाही, टेबलावर बसून काढलाय.

खरा आकडा काढायला खर्च फार नाही. जो दाणा तुम्ही पुढं विकत घेणार तोच १०० किलो घ्या आणि कुणाच्या तरी चालू घाण्यावर गाळून आणा. चार वेळा तोलायचं. आणलेला माल, निवडल्यावरचा माल, पेंड, आणि तेल. तेल लगेच तोलायचं नाही, दोन-तीन दिवस गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेल तोलायचं. एका घाण्यावर भरोसा ठेवू नका, सगळा १०० किलो जाऊ द्या. जात बदलली, ओल बदलली की उतारा बदलतो. आमच्या भागातल्या मालाला मी असं धरतो: १०० किलोतून ३ किलो घाण आणि खराब दाणा, ३८ किलो निवळ तेल, ५६ किलो पेंड, ३ किलो गाळ आणि ओल. पेंड मी ३५ रुपयांनीच धरतो, कारण दुकानातला दर आणि गोठ्यावर ढेपेसारखी उचलून नेणाऱ्याचा दर एक नसतो. ११,००० वजा १,९६०, उरले ९,०४०. तेल ३८ किलो म्हणजे पावणेबेचाळीस लिटर. कच्चा माल लिटरला २१६ रुपये झाला. अहवालापेक्षा ३८ रुपयांनी जास्त, आणि अजून आपण बाटलीपर्यंत पोचलोही नाही. बाटली, बूच, लेबल, खोकं, वीज, पोचवणं मिळून १८ धरा. २३४ झाले.

विक्रीचा दर २८० हा घरून नेणाऱ्या गिऱ्हाइकाचा. दुकानात ठेवलं की त्याचं कमिशन जातं आणि हातात २५० येतात. निम्मं घरून, निम्मं दुकानातून गेलं तर सरासरी २६५. लिटरमागं सुटले ३१ रुपये. ९० नव्हे.

आता ठरलेला खर्च, म्हणजे तेल विकलं न विकलं तरी होणारा. अहवालात एका गड्याचा पगार १०,०००, व्याज ५,००० आणि किरकोळ ३,००० आहे. घाण्यावर दिवसभर जो मुलगा बसणार, त्याची आई जी दाणे निवडणार आणि बाटल्या भरणार, त्यांचा रुपया नाही. यंत्राचा घसारा नाही. सुगीला दाणे भरून ठेवायला जो पैसा अडकतो त्याचं व्याज नाही.

इथं माझा खरा राग आहे. हमीभाव मागताना आपण ओरडून सांगतो की ए-२ चालणार नाही, सी-२ धरा, घरच्या माणसांची मजुरी धरा, स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरा. मागणी रास्तच आहे. मग स्वतःचा धंदा मांडताना घरच्यांची मजुरी शून्य कशी होते? सरकारला सांगायचा हिशोब एक आणि घरातला दुसरा, हे चालायचं नाही.

घरची मजुरी कमीत कमी १२,०००, घसारा दहा वर्षांवर ५,०००, अडकलेल्या मालाचं व्याज ३,०००, आणि किरकोळात दुरुस्ती, परवाना, तेलाची तपासणी घालून ते ४,०००. गड्याचे १०,००० आणि कर्जाचे ५,००० धरून महिना ३९,०००. शेडचं भाडं मी अजून धरलेलंच नाही. ३९,००० भागिले ३१ म्हणजे १,२५८ लिटर.

आणि आता गंमत. या घाण्यात एका वेळी १२ किलो दाणा बसतो. सफाईसकट तासाला एक घाणा, दिवसाला आठ. ९६ किलो दाण्याचं सुमारे ४१ लिटर तेल. महिन्याला २५ दिवस चालवलं तरी १,०३० लिटर. म्हणजे एका पाळीत वीज एकदाही न जाता घाणा पूर्ण चालला, आणि थेंबन् थेंब विकला गेला, तरी हा धंदा तोट्यातच आहे.

अनुदान आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. पीएमएफएमई मधून ३५ टक्के मिळतं हे खरं, पण ते कर्जाला जोडलेलं असतं, हातात रोख येत नाही. तरी पहिल्या दिवसापासून धरून बघू. ६ लाखांचे २ लाख १० हजार कमी झाले. घसारा आणि व्याज मिळून महिन्याला पावणेचार हजार वाचले. ब्रेक-इव्हन १,१३७ लिटरवर आला. घाण्याच्या ताकदीपेक्षा तरी वरच. अनुदानानं यंत्र स्वस्त होतं, दाण्यातलं तेल वाढत नाही.

याचा अर्थ घाणा टाकूच नये असा नाही. दुकान सोडून सगळं घरून २८० ने गेलं तर लिटरमागं ४६ सुटतात आणि अनुदान न धरताही ८४८ लिटरला भागतं. हे घाण्याच्या आवाक्यात आहे. पण मग प्रश्न तेलाचा राहत नाही, गिऱ्हाइकाचा होतो. घराला महिन्याला ४ लिटर धरलं तर २१२ घरं लागतात, आणि तीही दर महिन्याला परत येणारी. ज्याच्या वहीत ती नावं आणि मोबाईल नंबर आहेत त्यानं पुढं जावं. आणि तेव्हाही दाणा ११० चा १२० झाला तर काय, हे आधी मांडून ठेवावं. किलोला १० रुपये वाढले की लिटरला २४ वाढतात, ४६ चे २२ होतात, आणि ८४८ लिटरचे पावणेदोन हजारांवर जातात. दर वाढवून मागायला गिऱ्हाईक तयार होईल का, ते त्या २१२ घरांतल्या दहा जणांना आत्ताच विचारा.

तुमच्याकडं घाणा चालू असेल तर १०० किलोला निवळ तेल आणि पेंड किती पडली ते खाली लिहा. दाण्याची जात आणि महिना नक्की टाका. पेंडीचा दर सांगताना हातात आलेला दर सांगा.