न झालेल्या जखमेचे आभार

दीर्घ आजारातून बरा झालेला रुग्ण घरी निघतो, तेव्हा पेढ्यांचा पहिला मान बहुधा डॉक्टरांना मिळतो. कारण त्यांनी केलेली शस्त्रक्रिया किंवा बदललेले औषध यांची तारीख सांगता येते आणि कागदावर नोंदही दाखवता येते. परिचारिका, आया आणि कक्ष परिचर, म्हणजे ज्यांना वॉर्डात सगळे ‘मामा’ म्हणतात ते कर्मचारी, यांच्या कामाचे यश मात्र पुष्कळदा काहीतरी न घडण्यात असते, आणि जे घडलेच नाही त्याचे आभार मानायचे तर ते काय होते हे आधी ठाऊक असावे लागते. परळ-लालबागच्या परिसरातील कुटुंबे पालिकेच्या रुग्णालयात रुग्णापाशी आठवडेच्या आठवडे बसून असतात, पण आभाराची वेळ आली की त्यांच्या तोंडी ‘सगळ्यांनी खूप केले’ एवढेच येते, त्याचे कारण कृतघ्नतेत नसून या अज्ञानात आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला होणारी शय्याव्रणाची जखम, जिला वॉर्डात ‘बेडसोर’ म्हणतात, हे अशा न घडलेल्या गोष्टीचे उत्तम उदाहरण होय. माकडहाड, खुबे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू येथे हाड त्वचेच्या अगदी जवळ असते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपून राहिले की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ऊती मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो, म्हणून तो वाचतो. पक्षाघात झालेल्याला ते जमत नाही, आणि शरीराच्या त्या बाजूची संवेदनाही गेलेली असेल तर दुखते आहे हे त्याला कळतही नाही. जखम पुष्कळदा आतून, हाडाच्या बाजूने सुरू होते, त्यामुळे वर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा आत त्याहून मोठे नुकसान होऊन गेलेले असू शकते.

लालबागच्या चाळीतील एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाला पक्षाघात होऊन तीन आठवडे वॉर्डात राहावे लागले, असे उदाहरण धरले तर परिचर्येचा हिशोब मांडता येतो. दर दोन तासांनी कूस बदलायची या प्रचलित नियमाने दिवसाला बारा वेळा, म्हणजे तीन आठवड्यांत सुमारे अडीचशे वेळा त्यांना वळवावे लागते, आणि त्यांतील निम्म्या वेळा रात्रपाळीच्या किंवा संध्याकाळच्या उशिराच्या असतात. वळवण्याचीही रीत असते: रुग्णाला ओढायचे नाही, कारण ओढताना त्वचा चादरीला चिकटून राहते, आतले मांस मात्र सरकते आणि रक्तवाहिन्या पिळवटल्या जातात, म्हणून पाठीखाली आडवी घडी घातलेली चादर दोन बाजूंनी दोघांनी धरून त्याला अलगद उचलायचे असते. कुशीवर ठेवताना पूर्ण काटकोनात ठेवले तर सारा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून सुमारे तीस अंशांचा कल देतात, आणि टाच अधांतरी राहावी यासाठी पोटरीखाली उशी ठेवतात. नातेवाइकांनी हौसेने आणलेली हवेची गादी या कामात मदत करते, पण ती कूस बदलण्याची जागा घेत नाही.

जखमेची चाहूल ओळखण्याची खूण साधी आहे. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडले असता ती क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त वाहते आहे. फिकी पडलीच नाही तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून अनुभवी सिस्टर हाताने ऊब आणि टणकपणा तपासतात. पूर्वी अशा जागी स्पिरिट आणि पावडर लावून चोळण्याची पद्धत होती, आणि घरोघरी ती अजून आहे; चोळल्याने आधीच दुखावलेल्या ऊतींना आणखी इजा होते असे दिसून आल्यामुळे आता ते टाळावे असे सांगतात. वॉर्डात मावशींनी दर वेळी ओली चादर बदलून त्वचा कोरडी ठेवली, हेही याच उपचारात मोडते, कारण लघवीने भिजून मऊ झालेली त्वचा लवकर फाटते.

या कामाचा सर्वांत मोठा दाखला परळच्या के.ई.एम. रुग्णालयातच आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या याच रुग्णालयात होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना दयामरण द्यावे या एका लेखिकेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. एवढा काळ अंथरुणात काढूनही त्यांना शय्याव्रण झाला नाही, ही गोष्ट त्या निमित्ताने देशापुढे आली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अर्जदार लेखिकेचा नसून के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असेही न्यायालयाने मानले. येथे रुग्ण बरा झाला नव्हता आणि आभार मानायला घरचे कोणी वॉर्डात येत नव्हते. तरी निष्कलंक राहिलेली पाठ ही शुश्रूषेची साक्ष म्हणून न्यायालयापर्यंत पोहोचली. एका रुग्णामागे साऱ्या रुग्णालयाची माया उभी राहिली, असे भाग्य मात्र गर्दीच्या वॉर्डातील प्रत्येक खाटेच्या वाट्याला येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. रात्री मोजक्या सिस्टर आणि पुष्कळ रुग्ण असले की दोन तासांचे चार तास होतात.

यावरून आभाराचे पत्र कसे असावे हे ठरते. पत्र रुग्णालयाच्या अधिसेविकेच्या, म्हणजे मेट्रनच्या नावे लिहावे आणि त्याची एक प्रत वॉर्डाच्या परिसेविकेकडे, म्हणजे सिस्टर इनचार्जकडे द्यावी. वॉर्डाचा क्रमांक, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख आणि नेमकी कोणती गोष्ट केली ते त्यात असावे: ‘तीन आठवड्यांत पाठीला जखम झाली नाही, रात्रपाळीच्या सिस्टरांनी माकडहाडावरचा डाग वेळीच दाखवून कूस बदलण्याचे वेळापत्रक खाटेला लावले, मावशींनी घरी कसे वळवायचे ते सुनेला शिकवले’ अशा वाक्यांना वजन असते. नावे हवीत, आणि ती रुग्ण वॉर्डात असतानाच टिपून ठेवावी लागतात, कारण नातेवाइकांना शेवटपर्यंत सिस्टर, मावशी आणि मामा एवढेच ठाऊक असते. हातावर ठेवलेली नोट मात्र टाळावी. ती मागणाऱ्यालाच मिळते, आणि पुढच्या खाटेवरच्या, खिशात काही नसलेल्या माणसाच्या अडचणीत भर घालते.

पुढील तपासणी बाह्यरुग्ण विभागात होत असल्याने वॉर्डातील माणसांना आपला रुग्ण चालू लागला की नाही हे सहसा कळत नाही; म्हणून तपासणीच्या दिवशी वॉर्डात डोकवावे. सकाळच्या राउंडची वेळ त्यासाठी अगदीच चुकीची. दुपारी पाळी बदलते आणि एक सिस्टर दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगते, ज्याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. ते आटोपल्यानंतर गेले तर दोन्ही पाळ्यांची माणसे भेटण्याचा संभव असतो. रात्रपाळीच्या सिस्टर तेव्हाही भेटत नाहीत, त्यामुळे पत्रात त्यांची नावे आधी लिहावीत.