‘केलं’वर लाल रेघ कशासाठी?

सहामाहीच्या उत्तरपत्रिका वाटून झाल्या की शिक्षकांच्या पत्रांतून तीच तक्रार येते. संवादलेखनात मुलाने ‘मी पाहिलं’ लिहिले, गुण कापले. तपासनिसांच्या मते ते अशुद्ध! मराठी साहित्य महामंडळाचे 1962चे लेखननियम काढून पाहावेत. कुणाचे बोलणे जसेच्या तसे लिहून दाखवताना अनुस्वारयुक्त रूप लिहावे आणि एरवी एकारान्त, असे तिथे स्पष्ट आहे. म्हणजे निबंधात ‘केले’, मित्राच्या तोंडी ‘केलं’. नियम न वाचता लाल पेन चालवायचे, हे किती वर्षे चालणार?

या धाकाने मुले काय लिहितात ते पाहा. भोपाळच्या चार इमलीतले दोन मित्र घेऊ, विषय झाडतोडीचा. जून 2024मध्ये जवळच्या शिवाजीनगर-तुलसीनगर भागात मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी सुमारे 29 हजार झाडे जाणार, असा प्रस्ताव आला. लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, सरकारने तो मागे घेतला. गाइड पाठ केलेला मुलगा यावर लिहितो:

राहुल : नमस्कार मित्रा, कसा आहेस?
समीर : मी बरा आहे. तू कसा आहेस?
राहुल : मीही बरा आहे. वृक्ष आपल्याला प्राणवायू देतात.
समीर : होय मित्रा. वृक्ष सावलीही देतात.

अर्धी जागा विचारपूस करण्यातच गेली. उरलेल्या दोन ओळींतली नावे झाका, कोण बोलले ते सांगता येत नाही. नावे घालून तोडलेला हा निबंधच झाला, पण शुद्धलेखन निर्दोष म्हणून याला पुरे गुण! आता हे वाचा:

समीर : काल तूही गेला होतास झाडांपाशी?
राहुल : आईनं नेलं. मॅच बुडाली माझी.
समीर : पण आमच्या क्वार्टरचं छत गळतं रे. नवी घरं नकोत का?
राहुल : हवीत की! मोकळ्या जागेवर बांधा ना.
समीर : कुठंय मोकळी जागा? दाखव.

इथे ओळींची अदलाबदल करून पाहा, संवाद कोसळतो. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला उत्तर देते, आणि समीरला स्वतःची अडचण असल्यामुळे तो नुसती मान डोलावत नाही. ‘मित्रा’ म्हणायची गरजच पडलेली नाही.

भोपाळी मुलाच्या तोंडी ‘काय करून राहिला’ आले तरी चालावे, पात्र तिथलेच आहे. मात्र त्याच पात्राने पुढच्या ओळीत ‘मी आपले लक्ष वेधू इच्छितो’ म्हटले, तर खुशाल गुण कापा.

नियामकांनो, पुढच्या तपासणीआधी सूचनापत्रात एवढी एक ओळ घाला : संवादातील बोलीरूपांसाठी गुण कापू नयेत. आणि शिक्षकांनो, नुसती पत्रे पाठवू नका. फेरतपासणीच्या अर्जाला त्या नियमाची प्रत जोडा.