एक्स-रेच्या चिठ्ठीवर प्रश्न लिहिलेला हवा

एक्स-रेच्या रिपोर्टच्या तळाशी पुष्कळदा एक इंग्रजी वाक्य असते : ‘क्लिनिकली कोरिलेट करा’. वस्तीतली माणसे आम्हाला विचारतात, याचा अर्थ काय? रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर म्हणतो, मला फोटोत डाग दिसला. पण हा माणूस काय काम करतो, त्याला आता काय होते आहे, पूर्वी काय झाले होते, हे मला ठाऊक नाही. ते तुम्ही जुळवून पाहा. कधी कधी हे म्हणणे रास्तच असते. पण अनेकदा ते लिहावे लागते, कारण त्याच्यापर्यंत आलेल्या चिठ्ठीवर ‘छातीचा एक्स-रे, पीए व्ह्यू’ एवढेच असते.

फोटो काढतो तो टेक्निशियन. तो वाचून रिपोर्ट लिहितो तो रेडिओलॉजिस्ट, आणि त्याने आपल्या माणसाला बहुधा पाहिलेलेही नसते. आता तर फोटो संगणकावरून दुसऱ्या गावी जातो आणि रिपोर्ट तिथून येतो. त्या डॉक्टरच्या हातात फोटो, नाव, वय आणि ती चिठ्ठी असते. म्हणून आमचे मत असे, की चिठ्ठी हे एका डॉक्टरने दुसऱ्याला लिहिलेले पत्र आहे आणि त्यात प्रश्न असलाच पाहिजे.

भिवंडीतलेच उदाहरण घेऊ. समजा, शांतीनगरात राहणारा, यंत्रमागावर काम करणारा ४६ वर्षांचा माणूस आहे. २०१४ साली त्याला टीबी झाला, त्याने सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला आणि शेवटची थुंकी स्वच्छ आली. आता तीन आठवडे खोकला आहे. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरट रेघा दिसतात आणि श्वासनळी त्या बाजूला जरा ओढलेली दिसते. कोऱ्या चिठ्ठीवर रिपोर्ट येतो : ‘उजवीकडे वर डाग, टीबीची शक्यता’. इथून दोन वाटा फुटतात आणि दोन्ही धोक्याच्या आहेत. एखादा डॉक्टर एवढ्यावरच पुन्हा टीबीची औषधे सुरू करतो. दुसरा म्हणतो, हा तर जुना डाग, आणि खोकल्याचे औषध देऊन घरी पाठवतो. पहिल्या वाटेने माणूस विनाकारण सहा महिने औषधे खातो. दुसऱ्या वाटेने खरोखर उलटलेला टीबी घरात सगळ्यांच्या श्वासात जातो.

आता हीच चिठ्ठी अशी लिहिली तर : ‘पुरुष, ४६. यंत्रमाग कामगार, २२ वर्षे. २०१४ मध्ये फुप्फुसाचा टीबी, उपचार पूर्ण. आता ३ आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, दोन महिन्यांत ४ किलो वजन कमी. थुंकी तपासणीला पाठवली आहे. प्रश्न : जुन्या व्रणाखेरीज नवे काही आहे का? २०१४ चा एक्स-रे सोबत.’

आता रेडिओलॉजिस्ट दोन्ही फोटो शेजारी ठेवतो. रेघा तेव्हा होत्या तशाच असतील, तर तो जुना भरलेला व्रण. त्याच्या बाजूला नवी पोकळी किंवा कापसासारखे मऊ ठिपके दिसले, तर तो तसे स्पष्ट लिहितो. चिठ्ठीत ‘थुंकीतून रक्त’ एवढे जरी असले, तरी तो जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा बसला आहे का, हेही शोधतो. जुन्या टीबीच्या पोकळीत तसे होते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. जंतू आज जिवंत आहेत की नाहीत हे एकटा एक्स-रे सांगू शकत नाही. ते थुंकीच्या तपासणीतून कळते, आणि ती सरकारी केंद्रात मोफत होते.

यावर काही डॉक्टर म्हणतात, आधीच सगळे सांगितले तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला तेच दिसायला लागते. हा आक्षेप पोकळ नाही. चिठ्ठीवर ‘टीबी’ असा निकालच लिहून टाकला, तर डोळा टीबीच शोधतो आणि शेजारची गाठ सुटू शकते. पण त्यावर उपाय चिठ्ठी कोरी ठेवणे हा नव्हे. निकाल न लिहिता लक्षणे, इतिहास आणि प्रश्न लिहावा. मुरलेला रेडिओलॉजिस्ट आधी सगळा फोटो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि मग चिठ्ठी वाचून पुन्हा पाहतो. ओपीडीत गर्दी असते हे आम्ही पाहतोच; पण वरच्या चिठ्ठीतली सगळी माहिती रुग्णाच्या तोंडी तयार असेल, तर ती लिहायला फार वेळ लागत नाही.

कामाचे नाव का लिहायचे, असे कोणाला वाटेल. ‘मजुरी’ या शब्दातून फुप्फुसात काय गेले ते कळत नाही. खाणीत किंवा खडीच्या क्रशरवर काम केलेल्याच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसते. तिचे बारीक ठिपके वरच्या भागातच दिसतात आणि टीबीसारखे भासतात. शिवाय अशा माणसाला टीबीही लवकर गाठतो, म्हणून दोन्ही तपासावे लागतात. कापसाच्या धुळीचे निराळे आहे. सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, आणि एक्स-रे मात्र पुष्कळदा साफ येतो. तिथे फुंकून करायची श्वासाची तपासणी लागते. चिठ्ठीत हे लिहिलेले असेल, तर रिपोर्ट देणारा डॉक्टर सांगू शकतो की या प्रश्नाचे उत्तर एक्स-रेत मिळणार नाही. नाहीतर ‘नॉर्मल’ वाचून माणूस त्याच धुळीत परत जातो.

आता थोडे आपल्या घरांविषयी. जुना टीबी आपल्याकडे लपवला जातो. मुलीचे लग्न ठरायचे असते, खोली भाड्याने मिळवायची असते, मुकादमाला कळू द्यायचे नसते. ही भीती आम्हाला कळते आणि तिची खिल्ली आम्ही उडवणार नाही. शेजाऱ्याला सांगू नका; पण एक्स-रे लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगा, हवे तर बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगून. टीबी कोणत्या साली झाला, औषधे किती महिने घेतली, मध्येच सोडली होती का, एवढे त्याला हवे असते. उपचाराचे कार्ड किंवा निक्षय क्रमांक असेल तर दाखवा.

चिठ्ठी हातात आली की तिथेच वाचा, नाहीतर शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. फक्त तपासणीचे नाव असेल तर डॉक्टरांना विचारा : ‘डॉक्टर, यातून आपल्याला काय शोधायचं आहे? ते यावर लिहाल का? जुना फोटो आणलाय.’ बाईचा एक्स-रे असेल आणि पाळी चुकली असेल, तर ते फोटो काढण्याआधी सांगायचे. पोटाच्या सोनोग्राफीलाही पाळीची तारीख महत्त्वाची असते. पोटात एका बाजूला दुखते आणि पाळी सहा आठवड्यांपूर्वीची आहे, हे चिठ्ठीत असेल तर डॉक्टर गर्भ पिशवीबाहेर तर नाही ना, हे आधी पाहतो. नुसते ‘पोटदुखी’ लिहिले तर तो कदाचित पित्ताशयापासून सुरुवात करील.

जुने फोटो गादीखाली घडी करून ठेवू नयेत. फिल्म एकमेकींना चिकटतात आणि घडीची रेघ छातीवरच उमटते. रिपोर्टसकट पाकिटात घालून सपाट, कोरड्या जागी ठेवाव्यात आणि पाकिटावर पेनाने साल लिहावे. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो काहीच नसल्यापेक्षा बरा. पण त्यात बारीक ठिपके दिसत नाहीत. म्हणून ठाण्याला, कळव्याला किंवा मुंबईला पाठवले, तर मूळ फिल्म किंवा सीडीच सोबत न्यावी.