सर्पदंशाच्या कागदांवर घड्याळ हवे

सर्पदंशाचा रुग्ण गावाकडच्या दवाखान्यातून कोल्हापूरला सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवला जातो, तेव्हा त्याच्याबरोबर एक चिठ्ठी येते. 'एएसव्ही 10 दिले, रक्त गोठत नाही' असे तिच्यावर असते. लस कधी सुरू केली, कधी संपली, रक्त किती वाजता तपासले, हे पुष्कळदा राहून जाते. आमचे मत स्पष्ट आहे. वेळ नसलेली अशी चिठ्ठी अर्धीच चिठ्ठी आहे, आणि उरलेली अर्धी लिहून घेण्याचे काम रुग्णाबरोबरच्या माणसांनी हक्काने करावे.

वेळेला एवढे महत्त्व का, हे आधी समजून घेऊ. उसाच्या फडात आणि वैरणीच्या बांधावर घोणस असते. तिचे विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकते. ते ओळखण्याची साधी परीक्षा म्हणजे नसेतून दोन मिली ताजे रक्त घेऊन काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष भिनले आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगले रक्तही न गोठता राहू शकते. म्हणून नळी कसली होती तेही लिहावे.

सापाची लस, म्हणजे एएसव्ही, रक्तातले विष निष्प्रभ करते. पण संपलेले घटक ती परत आणत नाही. ते यकृत नव्याने तयार करते आणि त्याला साधारण 6 तास लागतात. म्हणूनच लसीनंतर पुढची परीक्षा 6 तासांनी करायची, असे उपचाराचे सूत्र आहे. लस संपून दोनच तास झाले असताना रक्त गोठले नाही, तर लस कमी पडली असे म्हणता येत नाही. तेच उत्तर 6 तासांनी आले तर विष अजून शिल्लक आहे आणि पुन्हा लस द्यावी लागते. परीक्षेचे उत्तर एकच, पण अर्थ दोन. कुठला अर्थ खरा, ते घड्याळच सांगते.

नेहमी दिसणाऱ्या क्रमावरून रचलेले एक उदाहरण घेऊ. वैरण कापताना एका बाईच्या घोट्याला 18.40 ला साप चावला. 19.10 पर्यंत पाय सुजला आणि दोन उलट्या झाल्या. 19.40 ला आरोग्य केंद्रात नळी भरली, 20.00 वाजता रक्त गोठलेले दिसले. इथे 'विष नाही' म्हणून घरी पाठवणे घातक ठरले असते. पहिली परीक्षा चांगली आली तरी पहिले तीन तास दर तासाला ती पुन्हा करायची असते. 20.40 ला दुसरी नळी भरली. 20.50 ला जावेला तिच्या हिरडीतून रक्त येताना दिसले. 21.00 वाजता नळीतले रक्त गोठले नव्हते. 21.10 ला सलाईनमधून 10 कुप्या लस सुरू झाली, ती 22.10 ला संपली. 22.30 ला गाडी निघाली आणि 23.50 ला कोल्हापुरात पोचली.

तिथे लगेच नळी भरली गेली. 00.15 ला उत्तर आले, रक्त गोठले नाही. चिठ्ठीवर वेळ नसती, तर 10 कुप्या वाया गेल्या असे कुणालाही वाटले असते आणि लगेच आणखी 10 चढल्या असत्या. पण कागदावर '22.10 ला संपली' असे होते. म्हणजे जेमतेम दोन तास झाले होते. डॉक्टर थांबले. 04.10 ला पुन्हा नळी भरली, 04.30 लाही रक्त गोठले नव्हते. आता 6 तास पूर्ण झाले होते, म्हणून 04.45 ते 05.45 दुसऱ्या 10 कुप्या दिल्या. पुढची नळी 11.45 ला भरली आणि 12.05 ला रक्त गोठले. एकूण 20 कुप्या, आणि चावल्यापासून 17 तास 25 मिनिटे.

या लशीची टंचाई ग्रामीण दवाखान्यांना नवी नाही, आणि ती देताना अंगावर गांधी उठणे, थंडी वाजून येणे, रक्तदाब कोसळणे असेही होऊ शकते. विनाकारण चढवलेल्या 10 कुप्या म्हणजे रुग्णाला जादा धोका आणि पुढच्या रुग्णाला तुटवडा.

कागद लावताना सगळ्यात आधी 24 तासांचे घड्याळ धरावे. '6.30' म्हणजे सकाळ की संध्याकाळ, यावरून घोळ होतो. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. तारीख न पाहता नुसत्या वेळेवरून कागद लावले तर 00.15 ची परीक्षा सगळ्यात वर जाऊन बसते, जणू ती सर्पदंशाच्याही आधी झाली. म्हणून वेळेशेजारी 'चावल्यापासून किती तास' असा रकाना ठेवावा. त्यापुढे लक्षण, लस आणि रक्ताची परीक्षा असे तीन रकाने पुरतात. परीक्षेच्या रकान्यात नळी भरल्याची आणि तिरकी केल्याची, अशा दोन्ही वेळा हव्यात. नोंद कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदावरून घेतली तेही लिहावे. वेळ नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहावे. मधली जागा रिकामी असेल तर रिकामीच ठेवावी, ती अंदाजाने भरणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे.

लक्षणांच्या रकान्यात लघवी विसरू नये. वरच्या उदाहरणात आरोग्य केंद्राचा कागद म्हणतो 'लघवी झाली' आणि कोल्हापूरचा म्हणतो 'लघवी नाही'. दोन्ही खरे आहेत. एकाखाली एक लावल्यावरच दिसते की 20.15 नंतर पहाटे 04.00 पर्यंत एकदाही झालेली नाही. घोणसीचे विष मूत्रपिंड बंद पाडू शकते. त्याची खूण अशी दोन कागदांच्या मधे लपलेली असते.

काही गोष्टी घरच्या माणसांनाच ठाऊक असतात. साप कधी चावला, पायाला दोरी बांधली का आणि कधी सोडली, उलटी कधी झाली. देवऋषाकडे गेला असाल तर तिथे गेलेला वेळही लिहा. लाजून तो लपवला तर चावण्याची वेळ पुढे सरकते आणि सगळे गणित चुकते.

नातेवाइकांनी यात पडू नये, नर्सताईंना आधीच काम जास्त आहे, असे काही जण म्हणतात. काम जास्त आहे हे खरेच. पण लस किती द्यायची ते डॉक्टरच ठरवणार. आपण मागतो ती फक्त वेळ, आणि 'लस किती वाजता संपली, एवढे चिठ्ठीवर लिहा' म्हणायला अर्धे मिनिट लागते. केसपेपरची प्रत मागितल्यावर 72 तासांत द्यावी, असा डॉक्टरांच्या वर्तणुकीचा 2002 चा नियम आहे. बिनवेळेच्या नोंदी तिच्यावरून पडताळता येतात.

मण्यार चावली असेल तर मात्र गोठण्याच्या रकान्यावर विसंबू नये. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, खूणही नीट दिसत नाही आणि रक्त व्यवस्थित गोठते. तिथे लक्षणांचा रकाना भरावा लागतो. पोटात कधी दुखू लागले, पापण्या कधी जड झाल्या, गिळता कधी येईना, श्वास कधी कमी पडू लागला, हे दर अर्ध्या तासाला पाहून लिहावे आणि बदल दिसताच डॉक्टरांना हाक मारावी.